अंगठा, दुआ आणि हरवलेली दुरुस्ती

(अमरावतीत कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजला बोट दाबून धरून खाली चिकटवायची खूण, म्हणजे रिॲक्शन, आणि तीच खूण वेगळा मेसेज म्हणून पाठवणं, या दोन्हींतला फरक मी सांगणार आहे. विषय बारका वाटेल, पण या फरकापायी माझ्या चाचांची त्यांच्या बहिणीची शेवटची भेट चुकली. म्हणून बोलतो.

मागच्या मे महिन्यात माझ्या फूफी इथे अमरावतीत वारल्या. सकाळी ६.४० ला चुलत भावाने ग्रुपवर खबर टाकली : जनाजा असरनंतर. घरचे, मोहल्ल्यातले, अकोल्याचे मिळून १८० जण त्या ग्रुपमध्ये आहेत. पाऊण तासाने घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की या उन्हात संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. ७.२५ ला भावाने दुसरा मेसेज टाकला : जनाजा जोहरनंतर, दीड वाजता.

फूफींचे धाकटे भाऊ, माझे चाचा, अकोल्याला राहतात. त्यांनी नऊ वाजता ग्रुप उघडला. पहिला मेसेज वाचला, डोळे भरून आले. खाली नुसते 🤲 🤲 😢 🤲. उजव्या कोपऱ्यातला खाली जायचा बाण दाबला, थेट शेवटी पोहोचले, तिथेही 🤲. स्वतःचाही एक पाठवला आणि फोन ठेवला. दुपारी अडीचला अकोल्याहून निघाले, मूर्तिजापूर मार्गे साडेचारला आले. तोवर दफन होऊन गेलं होतं. मला म्हणाले, "बेटा, मेसेज तर मी पाहिला होता."

खोटं नव्हतं ते. नंतर मी त्या ग्रुपची चॅट एक्सपोर्ट करून मोजली. पहिल्या मेसेजपासून दुरुस्तीपर्यंत ३१ उत्तरं होती आणि दुरुस्तीनंतर नऊ वाजेपर्यंत आणखी ५४. त्या ८५ मेसेजांत कामाचा मेसेज एकही नव्हता. सगळी दुआ होती, मनापासून केलेली. त्या दुआंच्या मधोमध वेळ बदलल्याची एक ओळ गाडली गेली.

आता यंत्राच्या बाजूने बघू. व्हॉट्सॲपवर रिॲक्शन मे २०२२ मध्ये आली. सुरुवातीला सहाच खुणा होत्या, जुलैपासून कोणतीही निवडता येऊ लागली. सहांच्या ओळीत 🤲 नसेल तर शेजारचं अधिकचं चिन्ह दाबा, सगळ्या उघडतात. बऱ्याच ज्येष्ठांना ते चिन्ह माहीत नसतं, म्हणून ते कीबोर्डवरून वेगळा 🤲 पाठवतात.

तुम्ही वेगळा 🤲 पाठवला की तो ग्रुपमधला नवा मेसेज होतो. १८० फोनवर जातो, ज्यांनी ग्रुप म्यूट केलेला नाही त्यांचा फोन वाजतो, ग्रुप यादीत वर येतो, न वाचलेल्यांचा आकडा एकने वाढतो आणि स्क्रीनवरची एक ओळ अडते. रिॲक्शनही सगळ्यांच्या फोनवर जाते. पण तिच्यासोबत कोणत्या मेसेजवर लावायची ते लिहिलेलं असतं. त्यामुळे समोरचा फोन नवी ओळ न काढता त्याच मेसेजखाली खूण आणि आकडा दाखवतो. सूचना फक्त मूळ मेसेज टाकणाऱ्याला मिळते. एका मेसेजवर एका माणसाची एकच रिॲक्शन राहते, दुसरी लावली की पहिली जाते. कोणी काय लावलं ते खालच्या खुणेवर टिचकी मारली की कोणालाही दिसतं.

म्हणजे त्या सकाळी पहिल्या ३१ जणांनी रिॲक्शन दिली असती, तर मेसेजखाली एक छोटी पट्टी दिसली असती आणि तिच्या लगेच खाली : जोहरनंतर, दीड वाजता. चाचांना बाण दाबायची गरजच पडली नसती.

पण म्हणून सगळीकडे रिॲक्शनच द्या, असं मी म्हणणार नाही. तिच्या दोन उणिवा आहेत.

पहिली ही की सूचना मेसेज टाकणाऱ्याला जाते, दुःखातल्या माणसाला जात नाही. खबर माझ्या भावाने टाकली होती, फूफींच्या मुलीने नाही. तुमची 😢 भावाच्या फोनवर वाजली, तिला कळलीही नसेल. तिला धीर द्यायचा असेल तर फोन करा, नाहीतर तिला स्वतंत्र दोन ओळी लिहा. ग्रुपवरचा 🤲 वेगळा पाठवला तरी तो गर्दीतच जातो.

दुसरी उणीव अर्थाची. मागे मी आपल्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर विचारलं होतं, रविवारी शिबिराच्या खुर्च्या उतरवायला कोण येईल? १४ अंगठे आले. सकाळी आम्ही दोघं होतो. कोणी फसवलं नाही. बहुतेकांच्या मनात 'वाचलं' होतं, मी 'येतो' असं धरलं. वेगळा 👍 पाठवला तरी हा घोळ राहतोच, आणि तो कोर्टापर्यंत गेला आहे. एका अधिकाऱ्याच्या खुनाच्या खबरेवर ग्रुपमध्ये अंगठा पाठवला म्हणून रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाची नोकरी गेली होती. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की तो अंगठा 'ठीक आहे, पाहिलं' असाही असू शकतो, खुनाचा आनंद म्हणून धरता येणार नाही. उलट कॅनडात २०२३ मध्ये एका कोर्टाने जवसाच्या सौद्याच्या फोटोखाली शेतकऱ्याने पाठवलेला 👍 म्हणजे करार मान्य, असं धरून त्याला सुमारे ८२ हजार कॅनडियन डॉलर भरायला लावले. त्या दोघांचा आधीचा व्यवहारही तसाच चाले, म्हणून. अकोल्याच्या बाजारात सोयाबीनचा भाव व्हॉट्सॲपवर ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून आमच्या ग्रुपवर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. खबर, सूचना, अभिनंदन असेल तर रिॲक्शन द्यायची. 'कोण येणार', 'कोण देणार' असं विचारलं असेल तर शब्दांत लिहायचं : 'मी येतो, सात वाजता.' त्यासाठी मूळ मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर द्यायचं, म्हणजे कशाचं उत्तर ते कळतं. आणि पैशाच्या हिशोबाला किंवा ठरावाला संमती कधीच रिॲक्शनने द्यायची नाही. मी चॅट एक्सपोर्ट केली तेव्हा दिसलं की त्या फाइलमध्ये रिॲक्शन येतच नाहीत. शिवाय रिॲक्शन देणारा ती मागाहून काढूनही घेऊ शकतो. सहा महिन्यांनी कोण हो म्हणालं होतं ते दाखवायला हातात काहीच नसतं.

खबर देणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. वेळ बदलली तर जुना मेसेज एडिट करू नका. एडिट पंधरा मिनिटांतच करता येतं, आणि केलं तरी कोणाचा फोन पुन्हा वाजत नाही. जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, नवा टाका, 'वेळ बदलली' याच शब्दांनी सुरुवात करा आणि तो २४ तासांसाठी पिन करा. पिन केलेला मेसेज वर राहतो, खाली कितीही दुआ आल्या तरी. आणि बाहेरगावचं जवळचं माणूस असेल तर फोन लावा. त्या दिवशी चाचांना फोन करायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. प्रत्येकाला वाटलं, ग्रुपवर टाकलंय ना.

चाचा आता ग्रुपवर काही आलं की आधी मला फोन करतात, "बेटा, खाली अजून काही आहे का?" मी वाचून सांगतो.