शिरेचा दाह आणि तासांचा हिशेब



अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायची रीत आहे. ती मी आज मोडणार आहे. मला प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातल्या एका पानावर बोलायचं आहे. ज्याला आपण ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतो, म्हणजे कार्यकारी व्याख्या, ते पान. बहुतेक ठिकाणी ते सर्वांत शेवटी लिहिलं जातं. आधी ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधातून एखादी प्रश्नावली किंवा स्केल उचलायची, मार्गदर्शकांची सही घ्यायची आणि मग त्या साधनाला शोभेल अशी व्याख्या बसवायची. म्हणून 'ज्ञान म्हणजे परिचारिकांनी प्रश्नावलीला दिलेली बरोबर उत्तरं' अशी वाक्यं छापली जातात. ही व्याख्या चूक ठरवताच येत नाही, आणि तोच तिचा दोष आहे.

एकच छोटा प्रकल्प घेऊ. मेडिसिन वॉर्ड, साठेक कॅन्युला, दोन निरीक्षक, महिना-दीड महिन्याची मुदत. प्रश्न असा: इन्ट्राकॅथ किती वेळ राहिली, ती किती गेजची होती आणि तिची हाताळणी कशी झाली, यांचा फ्लेबायटिसशी संबंध दिसतो का? चार चल आहेत. एकेक घेऊ, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

आधी फ्लेबायटिस. 'फ्लेबायटिस म्हणजे शिरेचा दाह' हे पाठ्यपुस्तकात ठीक आहे. पण सकाळी खाटेजवळ उभ्या असलेल्या मुलीला 'हो' लिहायचं की 'नाही', हे त्यातून कळत नाही. त्यासाठी स्केल हवी. आपल्याकडे मुख्यतः दोन वापरात आहेत. एक अँड्र्यू जॅक्सन यांचा व्हीआयपी स्कोअर, 1998 साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेला. या व्हीआयपीचा मंत्र्यांच्या दौऱ्याशी संबंध नाही. व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस हे त्याचं पूर्ण नाव. दुसरी अमेरिकेतल्या इन्फ्यूजन नर्सेस सोसायटीची श्रेणी. विद्यार्थी या दोन्ही एकच समजून वापरतात. त्या एक नाहीत.

एका रुग्णाला सुईजवळ किंचित दुखतंय, पण लाली नाही आणि सूजही नाही. जॅक्सन यांच्या स्केलवर त्याला 1 मिळेल, कारण तिथे थोडं दुखणं किंवा थोडी लाली, दोन्हींपैकी एक पुरतं. अमेरिकन श्रेणीत पहिली पायरीच लालीपासून सुरू होते, दुखणं असो वा नसो. नुसत्या दुखण्याला तिथे जागाच नाही. हात तोच, वेळ तीच, आणि दोन प्रबंधांत दोन नोंदी. त्यामुळे कोणती स्केल घेतली एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या आकड्यापासून 'फ्लेबायटिस आहे' धरलं, तेही लिहावं लागतं. जॅक्सन यांच्या मांडणीत 1 असेल तर लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली आणि सूज यांपैकी दोन दिसली की 2, आणि तेव्हा जागा बदलायची. आपल्या प्रकल्पात मी 2 हीच सीमा धरीन, कारण सिस्टरची कृती तिथे बदलते.

यातही दोन खाचखळगे आहेत. पहिला लालीचा. सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. नुसत्या नजरेवर विसंबलं तर गोऱ्या रुग्णांत फ्लेबायटिस जास्त आणि सावळ्यांत कमी असा निष्कर्ष निघेल, आणि तो कातडीच्या रंगाचा असेल, शिरेचा नव्हे. म्हणून व्याख्येत लिहायचं की खिडकीच्या किंवा टॉर्चच्या उजेडात पाहावं, दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी तुलना करावी, आणि रंग बदललेला वाटो वा न वाटो, बोटांच्या मागच्या बाजूने गरमपणा तपासून तो वेगळ्या रकान्यात नोंदवावा. स्कोअरमध्ये गरमपणा मिसळायचा नाही, नाहीतर स्केल जॅक्सन यांची राहत नाही. पण नोंद असली की लाली कुठे निसटली असावी, ते नंतर तपासता येतं.

दुसरा खळगा सुजेचा. सुई शिरेतून सरकून सलाइन बाहेर पाझरलं तरी सूज येते आणि दुखतंही. स्कोअरच्या हिशेबात दुखणं अधिक सूज म्हणजे 2. पण ती सूज सहसा थंड आणि फिकी असते आणि सलाइन मंदावलेलं असतं. ते इन्फिल्ट्रेशन, फ्लेबायटिस नव्हे. व्याख्येत हे वाक्य नसेल तर साठ कॅन्युलांपैकी काही उगाचच फ्लेबायटिसच्या खात्यात जातील. अशा जागेची नोंद वेगळ्या रकान्यात करायची, असं आधीच ठरवून ठेवा.

आता दोन निरीक्षकांचं जमतं का, हे पाहायला पायलट घेतो. समजा दोघींनी एकमेकींना न सांगता 40 जागा पाहिल्या. पाच ठिकाणी दोघी 'आहे' म्हणाल्या, 29 ठिकाणी दोघी 'नाही' म्हणाल्या, आणि सहा ठिकाणी मतभेद झाले, प्रत्येकीचे तीन-तीन 'आहे' दुसरीला पटले नाहीत. एकमत 40 पैकी 34, म्हणजे 85 टक्के. प्रबंधात हा आकडा मोठ्या अभिमानाने छापतात. पण बहुतेक जागा निरोगी असल्यावर 'नाही, नाही' म्हणत गेलं तरी एकमत होतंच. प्रत्येकीने आठ ठिकाणी 'आहे' म्हटलंय. निव्वळ योगायोगाने होणारं एकमत मोजलं तर ते 68 टक्के निघतं. ते वजा घालून काढलेला कोहेन यांचा कप्पा येतो सुमारे 0.53. म्हणजे मध्यम. मग काय करायचं? निरीक्षक बदलायचे नाहीत. मतभेदाच्या सहा जागांचे कागद समोर ठेवायचे आणि कशावर अडलं ते पाहायचं. बहुधा एक जण 'थोडी सूज' धरते आणि दुसरी धरत नाही. तिथे व्याख्येत भर घालायची, उदाहरणार्थ 'दुसऱ्या हाताशी तुलना करून उंचवटा दिसला किंवा बोटाला कडकपणा लागला, तरच सूज', आणि पुन्हा नव्या जागांवर तपासायचं. पायलट म्हणजे व्याख्येची परीक्षा असते, ती पुरी झाल्याशिवाय मुख्य नोंदी सुरू करू नयेत.

गेजला दोनच वाक्यं पुरतात. कॅन्युलाच्या हबचा रंग पाहून लिहायचं: 18 हिरवी, 20 गुलाबी, 22 निळी, 24 पिवळी. सिस्टरला विचारायचं नाही, फाइलमधून उतरवायचं नाही.

तिसरा चल वेळेचा. हा सगळ्यांना सोपा वाटतो, आणि मला सर्वांत अवघड वाटतो. 'कॅन्युला बसवल्यापासून काढेपर्यंतचे तास' ही व्याख्या नीटस दिसते. पण बसवल्याची वेळ कुठून घेणार? ड्रेसिंगवरच्या पट्टीवर बऱ्याचदा तारीख असते, वेळ नसते. रुग्ण कॅज्युअल्टीतून आला असेल तर सुई तिथेच लागलेली असते आणि वॉर्डातल्या नोंदीत भरतीची वेळ असते. नर्सेस नोट्समधली वेळ ही पुष्कळदा लिहायला बसल्याची वेळ असते. म्हणून साधन निवडताना क्रम ठरवावा: आधी पट्टीवरची वेळ, ती नसेल तर कॅज्युअल्टीचा कागद, तोही नसेल तर नोट्स, आणि कोणत्या कागदावरून घेतली ते शेजारी लिहावं. नुसती तारीखच मिळाली तर तास अंदाजाने भरू नयेत, 'वेळ उपलब्ध नाही' असंच लिहावं.

याहून मोठा घोळ पुढे आहे. नोंदी झाल्यावर विद्यार्थी दोन गट करतात, फ्लेबायटिस झालेले आणि न झालेले, आणि सरासरी तासांची तुलना करतात. कधीकधी निकाल उलटाच येतो: फ्लेबायटिस झालेल्यांच्या कॅन्युला कमी तास राहिलेल्या दिसतात. मग चर्चेच्या प्रकरणात काहीतरी जुळवाजुळव सुरू होते. कारण साधं आहे. स्कोअर 2 झाला की सिस्टर कॅन्युला काढते, म्हणजे परिणामानेच मोजणी थांबवली. दुसऱ्या दिवशी सुजलेली सुई 40 तासांवर निघाली, निरोगी सुई डिस्चार्जपर्यंत 80 तास राहिली. सरासरी उलटी होणारच. यावर उपाय संख्याशास्त्रज्ञाकडे जाण्याआधी व्याख्येतच करता येतो. वेळ मोजायची ती बसवल्यापासून पहिल्यांदा 2 किंवा जास्त स्कोअर दिसेपर्यंत, किंवा त्याआधी दुसऱ्या कारणाने काढेपर्यंत, आणि ते कारण कोड करून लिहायचं: उपचार संपले, ब्लॉक झाली, पाझरली, रुग्णाने ओढली, डिस्चार्ज. मग प्रत्येक 24 तासांच्या टप्प्यात जेवढ्या कॅन्युला त्या टप्प्याच्या सुरुवातीला हातात आणि निरोगी होत्या, त्यांपैकी किती बिघडल्या, असं विचारता येतं. साठ कॅन्युलांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजक्याच उरतील. तिथे टक्केवारी काढू नये, आकडे तसेच द्यावेत.

इथेच मुदतीचाही प्रश्न येतो. कॅन्युला काढल्यानंतर 48 तासांपर्यंतही दाह उमटू शकतो. रुग्ण तोवर घरी गेलेला असतो. फोन करून विचारलं तर मिळतं ते रुग्णाने सांगितलेलं दुखणं, तो स्कोअर नव्हे; दोन्ही एका रकान्यात भरू नका. मी तर व्याख्याच आखडती घेईन: 'कॅन्युला काढेपर्यंत दिसलेला फ्लेबायटिस'.

शेवटचा चल हाताळणी, म्हणजे परिचारिकांची पद्धत. हा चल प्रश्नावलीने मोजलेला मी इतक्या वेळा वाचलाय की आता नुसती अनुक्रमणिका पाहून ओळखते. 'औषधाआधी हब पुसावा का?' याला सगळे 'हो' म्हणतात. त्यातून ज्ञान कळतं. हात काय करतो ते कळत नाही. पद्धत मोजायची तर पाहावं लागतं, आणि निरीक्षणसूचीतलं प्रत्येक कलम वॉर्डाच्या लेखी प्रोटोकॉलवरून घ्यावं लागतं. 'हब नीट पुसला' असं नको. 'अल्कोहोल स्वॅबने 15 सेकंद घासला आणि सुकू दिला' असं हवं, आणि सेकंद घड्याळावर मोजलेले. 'केलं' आणि 'केलं नाही' यांच्याबरोबर 'दिसलं नाही' हा तिसरा रकाना ठेवा, कारण सिस्टरची पाठ आपल्याकडे असेल तर ती चूक तिची नसते. आणि कृपा करून निरीक्षणसूचीला क्रोनबाखचा अल्फा लावू नका. तिथे प्रश्न दोन निरीक्षकांच्या एकमताचा आहे, कलमांच्या आपापसातल्या नात्याचा नाही.

एवढं करूनही या प्रकल्पात हा चल माझ्या मते बसत नाही. एका कॅन्युलाला तीन पाळ्यांत चार-पाच जणांचे हात लागतात. त्यांतल्या एखाद्या दुपारचं औषध देणं आपण पाहिलं, आणि त्या निरीक्षणाचे गुण त्या कॅन्युलाच्या नावावर लिहिले, तर ते त्या कॅन्युलाचे नसतात. तो तपासायचा तर प्रत्येक वेळचं फ्लशिंग पाहायला हवं, आणि ते दोन निरीक्षकांना अशक्य आहे. म्हणून शीर्षकातून तो काढावा. वॉर्डाची सर्वसाधारण पद्धत म्हणून काही निरीक्षणं वेगळ्या तक्त्यात दिली तरी चालतील, पण त्यांचा फ्लेबायटिसशी संबंध जोडायचा नाही. नैतिकता समितीकडे अर्ज जाण्याआधी शीर्षक बदलायला एक सही लागते. नोंदी झाल्यावर ते बदलणं फार महाग पडतं.

उरलेल्या तीन चलांसाठी प्रत्येक कॅन्युलाला एक पान पुरतं. फक्त रात्रपाळीचा रकाना कोण भरणार, ते मेट्रनना विचारून पायलटच्या आधी ठरवून घ्या. दोन्ही निरीक्षक दिवसाच येत असतील तर स्कोअर दिवसातून दोनदाच पाहिला, असं व्याख्येत सरळ लिहा.