पट्टीवरची दुसरी रेघ कधी उमटते?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

श्रोतेहो, आणि विशेषतः समोर बसलेल्या आशाताई,

आपल्या जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जायच्या आधी एखादी सून आशाताईंकडे येते आणि हळूच म्हणते, "पाळी चुकलीये, बघता का?" आशाताईंच्या पिशवीत 'निश्चय' किट असते. पट्टीवर एकच रेघ येते, सून निर्धास्त होते आणि ट्रॅक्टरमध्ये बसते. त्या एका रेघेचा नेमका अर्थ काय, याबद्दल मला आज बोलायचे आहे.

पट्टी शोधते ते ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, म्हणजे एचसीजी. हे संप्रेरक गर्भाच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी तयार करतात. पुढे त्यांचीच वार होते. बीज फळले तरी लगेच आईच्या रक्तात काही उतरत नाही. फळलेले बीज नळीतून गर्भपिशवीत यायला तीन-चार दिवस घेते, मग आणखी काही दिवसांनी अस्तरात रुजते, आणि रुजल्यावरच एचसीजी रक्तात जाते. रक्तातून ते लघवीत येते. म्हणून संबंध कधी आला यापेक्षा गर्भ कधी रुजला, या तारखेवर पट्टीचे सगळे गणित चालते. अडचण अशी, की ती तारीख कुणालाच ठाऊक नसते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या स्त्रियांची रोजची सकाळची लघवी जमवून हे तपासले. 1999मध्ये त्यांनी दाखवले, की टिकलेल्या गर्भांपैकी 84 टक्के गर्भ बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. उरलेले थोडे आधी किंवा नंतर, अगदी बाराव्या दिवसापर्यंत.

आता पाळीचे पाहू. बीज सुटल्यावर बीजकोशात जो पिवळा गोळा उरतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवून गर्भपिशवीचे अस्तर सांभाळतो. त्याचे आयुष्य साधारण दोन आठवड्यांचे. तो विझला की अस्तर गळते, पाळी येते. एचसीजीचे पहिले काम या गोळ्याला जगवणे हेच आहे. पाळी थांबवणारे आणि पट्टीवर रेघ उमटवणारे द्रव्य एकच. म्हणूनच पाळी चुकणे आणि पट्टी बोलू लागणे या गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात. जवळपास म्हणते, कारण गोळा जगवायला थोडे एचसीजी पुरते, पट्टीला जरा जास्त लागते.

किती जास्त? घरी वापरायच्या बऱ्याच पट्ट्या एका मिलिलिटर लघवीत सुमारे 25 मिलि-एकके असल्यावर रेघ दाखवतात. पट्टीत एचसीजीला पकडणारी प्रतिद्रव्ये असतात. रंगीत कणांवर बसलेली प्रतिद्रव्ये ते पकडून लघवीबरोबर पुढे वाहतात आणि 'टी'च्या जागी दुसरी प्रतिद्रव्ये त्यांना अडवतात. अडकलेला रंग डोळ्याला दिसेल इतका साठला तरच ती रेघ आहे असे आपण म्हणतो. 'सी'ची रेघ मात्र गर्भ असो-नसो यायलाच हवी. ती आली नाही, तर त्या पट्टीचा निकाल धरायचाच नाही.

समजा, एका घरात दोन जावा आहेत. दोघींची पाळी 1 ऑक्टोबरला आली, दोघींचे चक्र 28 दिवसांचे, म्हणजे पुढची पाळी 29 ऑक्टोबरला अपेक्षित. टोळी 1 नोव्हेंबरला निघणार, म्हणून दोघी 31 तारखेला तपासून घेतात.

थोरलीचे बीज 15 ऑक्टोबरला सुटले आणि गर्भ 24 तारखेला रुजला. दुसऱ्या दिवशी तिच्या लघवीत एचसीजी जेमतेम 2 मिलि-एकके. अगदी सुरुवातीला वाढ फार वेगाने होते, मग दर दोन दिवसांना साधारण दुप्पट. 27 तारखेला 6, 29ला 15, 31ला 30. पाळीच्या दिवशी तपासले असते तर एकच रेघ दिसली असती; 31 तारखेला दुसरी, फिकट रेघ आली. 5 नोव्हेंबरपर्यंत आकडा दीडशेच्या वर जाऊन ती ठसठशीत झाली असती. प्रत्येकीचे आकडे वेगळे असतात, पण चढण्याची रीत हीच.

धाकटीचे बीज त्या महिन्यात सहा दिवस उशिरा, 21 तारखेला सुटले. ताप, जागरण, अंगावर पाजणे, किंवा काहीच कारण नसतानाही असे होते. तिचा गर्भ दहाव्या दिवशी, म्हणजे 31 तारखेलाच रुजत होता. त्या सकाळी तिच्या लघवीत पट्टीने पकडावे असे काहीच नव्हते. पट्टी चुकली नाही; प्रश्न आठवडाभर आधी विचारला गेला. 7 नोव्हेंबरला तिची तीच फिकट रेघ आली असती, पण तेव्हा ती उसाच्या फडात होती.

विल्कॉक्स यांनीच 2001मध्ये हिशेब मांडला: पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी कितीही उत्तम चाचणी वापरली तरी सुमारे 90 टक्केच गर्भधारणा सापडू शकतात, आठवड्यानंतर सुमारे 97 टक्के. उरलेल्या दहा टक्क्यांचा गर्भ त्या दिवशी रुजलेलाच नसतो. महागडे किट आणून हे बदलत नाही. म्हणून आशाताई, एक रेघ आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासायचे. बाई टोळीबरोबर जाणार असेल तर दुसरी पट्टी तिच्या हातात द्यायची, आणि कोणत्या तारखेला वापरायची ते कागदावर लिहून द्यायचे.

सकाळची पहिली लघवी का, तेही याच चढणीवरून कळते. रात्रभर साठलेली लघवी दाट असते. आकडा 25च्या आसपास असताना तांब्याभर पाणी पिऊन केलेली तपासणी तो सहज 10वर आणते. आठवड्यानंतर आकडा शेकड्यांत गेला की दुपारची लघवीही चालते. पट्टी पाकिटावर सांगितलेल्या मिनिटांतच वाचायची; नंतर वाळलेल्या पट्टीवर दिसणारी राखाडी खूण रेघ समजू नये. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेले किटही वापरू नका.

उलट टोकालाही एक फसगत आहे. एचसीजी आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास शिखरावर, लाखाच्या आसपास जाते आणि मग उतरते. त्या काळात एचसीजी आणि त्याचे तुकडे इतके असतात, की दोन्ही प्रतिद्रव्ये वेगवेगळी भरून जातात, जोडणी होत नाही आणि रेघ फिकी पडते किंवा क्वचित उमटतच नाही. दोन-अडीच महिने पाळी नाही, मळमळ आहे आणि पट्टी कोरी, तर लघवीत पाणी मिसळून पुन्हा तपासता येते. त्याहून बरे म्हणजे दवाखान्यात पाठवणे.

आणि रेघ आली तरी गर्भ कुठे रुजला हे पट्टी सांगत नाही. नळीत रुजलेला गर्भही एचसीजी बनवतो, बहुधा मंद गतीने. म्हणून शंका असेल तर दवाखान्यात आम्ही 48 तासांच्या अंतराने दोनदा रक्त घेतो. पहिला आकडा 1500च्या आत असेल तर निरोगी गर्भात दुसरा किमान दीडपटीच्या आसपास तरी हवा. त्याहून कमी चढला, तर सोनोग्राफी करून गर्भाची जागा शोधतो. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला कळ येत असेल, चक्कर येत असेल, डाग दिसत असेल, तर पट्टीवर एक रेघ असो की दोन, तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.