भाव विचारणारा फोन



माझी एक जुनी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी ब्युटी पार्लर चालवते. नवरीचा मेकअप हे तिचे मुख्य काम. तुळशीचे लग्न झाले की हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीला तो सरतो. वर्षाची मिळकत काय ती एवढ्यातच. परवा ती म्हणाली, "सर, फोन पुष्कळ येतात. 'नवरीचे किती घेता?' मी म्हणते, '८ हजार.' 'बरं, कळवतो,' म्हणून ठेवतात, ते ठेवतातच!"

आकडा चुकीचा नव्हता. तो अवेळी सांगितला जात होता. ८ हजारांत काय मिळते हे कळलेच नाही, तर माणूस आकड्याची तुलना आकड्याशीच करणार. म्हणून आम्ही बसून बोलण्याचा क्रमच लिहून काढला.

समजा, नवरीची मावशी भाव विचारते आहे. उत्तर असे द्यावे : "अभिनंदन, मावशी! लगेच सांगते. आधी तारीख सांगा, मी मोकळी आहे का ते वहीत पाहते." तारीख आधीच गेलेली असेल, तर तिथेच स्पष्ट सांगावे. मोकळी असेल, तर पुढे विचारावे : "मुहूर्त किती वाजता? कार्यालय कुठे? आदल्या दिवशी सीमांतपूजनाचाही मेकअप हवा का?" मुहूर्त साडेबाराचा असेल आणि मेकअप, अंबाडा, नऊवारी यांना तीन तास लागत असतील, तर नवरीला नऊच्या आत बसवावे लागेल. हे बोलण्यात आले, की मावशीलाही कामाचा अंदाज येतो.

आता भाव सांगावा. "लग्नाचा मेकअप, केस आणि नऊवारी नेसवणे मिळून ८ हजार. सीमांतपूजनाचे ३ हजार. जाण्यायेण्याचा खर्च त्यातच." एवढे बोलून थांबावे. शांततेला घाबरून आपणच भाव उतरवू नये.

"फार होतात हो!" असे मावशी म्हणतीलच. लगेच हजार कमी केले, तर पहिला आकडा फुगवलेला होता असे त्यांना वाटेल. भाव नव्हे, काम कमी करावे : "१० हजारांत बसवायचे असेल, तर सीमांतपूजनाला मेकअप न करता नुसते केस आणि साडी करू. त्याचे २ हजार." तरीही जमत नसेल, तर गोडीने निरोप घ्यावा. प्रत्येक फोन आपला नसतो.

जमत असेल, तर "मग कळवा" म्हणून फोन ठेवू नये. म्हणावे, "रविवारी संध्याकाळपर्यंत तारीख तुमच्यासाठी राखते. २ हजार आगाऊ आले की पक्की. ठरलेले सगळे आत्ताच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवते." लग्न पुढे गेले तर आगाऊ रकमेचे काय, हेही त्यातच लिहावे, पुढची भांडणे बहुधा तिथेच होतात. आणि रविवार म्हटले की रविवारच. तोवर ती तारीख दुसऱ्याला देऊ नये, आणि "दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे" अशी खोटी घाईही करू नये. लहान गावात मावश्या एकमेकींना ओळखतात.

तो कागद आता तिच्या पार्लरात फोनशेजारी भिंतीवर चिकटवलेला आहे.