अदमासाचा हिशेब

परीक्षेत ४८.७ गुणिले ६१२, भागिले १९.८ असे उदाहरण असून पर्याय १५२, १५०५, ४८१६ आणि १५०५३ असे दूरदूरचे असतील, तर तपशीलवार गुणाकारात न शिरता ५०, ६०० व २० या सोयीच्या संख्या घ्याव्यात. तीस हजारांना वीसने भागले की पंधराशे येतात आणि उरलेले तिन्ही पर्याय तत्क्षणी बाद होतात. मात्र गुणाकारात एक संख्या वाढविली तर दुसरी घटवावी, आणि भागाकारात भाज्य व भाजक एकाच दिशेस न्यावेत, म्हणजे दोष परस्परांस बव्हंशी छेदतात. याउलट ५०, ६२० व १९ घेतले, तर उत्तर सोळाशेंच्याही वर जाते. १५०५ च्या शेजारी १५२० हाही पर्याय असता, तर मात्र काटेकोर हिशेबावाचून गत्यंतर नव्हते.