“काय करता?” या प्रश्नाचं उत्तर

(‘बाईचं काम आणि कामगारांत तिची मोजणी’ या चर्चेच्या सुरुवातीला केलेलं निवेदन. बोलायला दोन मिनिटं होती, इथं थोडं सविस्तर दिलं आहे.)



वेळ थोडा आहे म्हणून एकच गोष्ट सांगते. त्यात चूक माझीच होती.

कंधार तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एका मावशींना म्हशीसाठी कर्ज पाहिजे होतं. अर्ज मी भरला. व्यवसायाचा रकाना आला तेव्हा विचारलं, “मावशी, काय करता म्हणून लिहू?” त्या म्हणाल्या, “काय करणार बाई, घरीच असते की.” मी ‘गृहिणी’ लिहून मोकळी झाले. बँकेतल्या साहेबांनी तो शब्द वाचला आणि म्हणाले, “मग हप्ता कुठून भरणार? मालकांना घेऊन या.” अकरा वर्षं गटाचा एकही हप्ता न चुकवलेली बाई खाली मान घालून परत आली.

पुढच्या बैठकीत आम्ही त्यांचं गेलं वर्ष आठवून रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलं. घरच्या रानातली आणि दुसऱ्याकडची खुरपणी धरून पंचेचाळीस दिवस. सोयाबीन काढणीचे पंचवीस, त्यातले बरेचसे गुत्त्यावर. कापूस वेचणी चाळीस, तूर बारा, हरभरा अठरा. बेरीज आली एकशे चाळीस दिवस. मावशींना स्वतःलाच ती खरी वाटेना, त्यांनी दोनदा मोजायला लावली.

आता जनगणना याकडे कशी बघते ते ऐका. 2011 च्या जनगणनेत गेल्या वर्षभरातलं काम विचारलं होतं. सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलं असेल तर ‘मुख्य कामगार’, त्याहून कमी असेल तर ‘सीमांत कामगार’, आणि काहीच केलं नाही असं सांगितलं तर ‘काम न करणारे’. म्हणजे एकशे चाळीस दिवसांवर मावशी सीमांत ठरल्या. “घरीच असते” म्हणाल्या असत्या तर तेवढ्याही नाही.

पण आमच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. दारात आधीची एक म्हैस आहे. वैरण आणायची, धार काढायची, दूध डेअरीवर घालायचं, हे बाराही महिने, सणालासुद्धा. डेअरीचं पुस्तक मालकांच्या नावावर, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते मालकांचंच काम धरलं होतं. जनगणनेच्या व्याख्येत मात्र दुधाचं उत्पादन हे काम आहे. दूध विकलं नाही, घरच्या लेकरांनीच प्यालं, तरीही. घरच्या शेतातलं बिनपगारी राबणंही काम आहे, आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे यावर ते अवलंबून नाही. ती म्हैस धरली की मावशींचं वर्ष सहा महिन्यांच्या कितीतरी पुढं जातं. त्या मुख्य कामगार आहेत.

स्वयंपाक, पाणी भरणं, सरपण, गोवऱ्या, लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळणं, हे त्या व्याख्येत अजून काम नाही. मला ते पटत नाही, पण आज तसं आहे. आणि कागदावर कामगार झालं म्हणून उद्या खुरपणीची मजुरी पुरुषांएवढी होईल, असंही मी सांगणार नाही. तो वेगळा झगडा आहे, त्यावर पुढं बोलूच.

2021 ला जनगणना झाली नाही. आपल्याकडं माणसांची मोजणी आता फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे. तो हंगाम हरभऱ्याचा. मोजणीदार दारात येईल तेव्हा तुम्ही रानात असाल आणि उत्तर घरातलं दुसरंच कुणी देईल. तिथंच आपली नोंद चुकते. म्हणून घरात आधीच सांगून ठेवा की माझं काम विचारलं तर शेती, मजुरी, म्हैस असं नावानिशी सांगायचं आणि वर्षात किती महिने तेही सांगायचं. शक्य असेल तर मोजणीदाराला म्हणा, थांबा, माझं मीच सांगते.

मावशींचा अर्ज आम्ही पुन्हा भरला. व्यवसाय: शेती, शेतमजुरी व दुग्धव्यवसाय. सोबत गटाचं पासबुक जोडलं, आणि डेअरीच्या पुस्तकावर मावशींचंही नाव लावायला मालकांनी हो म्हटलं, त्याला आठ दिवस लागले. अर्ज सोमवारी बँकेत दिलाय. या वेळी रकाना भरताना मावशी शेजारी बसून वाचत होत्या, मला काही विचारावं लागलं नाही.