डॉलरचा किराणा, दालबाजाराचा भाव
(मासिक सभेतील भाषण)



आम्ही बँकेत कारकून. व्याख्यान देणे आमचे काम नाही, हिशेब मांडणे आहे. तोच मांडतो.

आमची एक भाची न्यू जर्सीत असते. तिने महिन्याचा किराणा-भाजीचा खर्च कळवला, ४०० डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले की झाले ३४,००० रुपये. तिच्या आईने कपाळाला हात लावला, "दोघांना चौतीस हजारांचा किराणा!"

आम्ही तीच यादी घेऊन लष्करात दालबाजारात भाव काढले. मापे आधी सारखी केली, कारण तिकडचा पौंड ४५४ ग्रॅमचा आणि दुधाचा गॅलन पावणेचार लिटरहून थोडा अधिक. गॅलनचे ४ डॉलर म्हणजे ३४० रुपये ऐकून छाती दडपते, पण लिटरला ते नव्वदच पडतात. उलट ४ डॉलरचा फ्लॉवरचा गड्डा इथे तीस रुपयांना मिळतो. सगळी यादी इथे ११,००० रुपयांत बसली.

आता ११,००० ला ४०० ने भागा. साडेसत्तावीस येतात. म्हणजे या पिशवीपुरता डॉलर ८५ रुपयांचा नाही, साडेसत्तावीस रुपयांचा आहे. जागतिक बँकेच्या २०१७ च्या तुलनेतही हेच दिसते. त्या वर्षी बाजारात डॉलर ६५.१२ रुपये होता, पण खरेदीशक्तीच्या हिशेबाने २०.६५ रुपये.

एक सावधगिरी हवी. ही यादी आपल्या जेवणाची, म्हणून तिकडे महाग पडते. तिकडच्या माणसाची चीज, ऑलिव्ह तेल, ब्लूबेरीची यादी ग्वाल्हेरात भरायला गेलात, तर फरक पुष्कळ कमी होईल.

खरा घोटाळा पगाराच्या बाजूला होतो. भाचीच्या हाती महिना ५,००० डॉलर येतात. घरच्यांनी त्याचे सव्वाचार लाख केले आणि तिच्या भरवशावर दीड लाखाच्या हप्त्याचे कर्ज काढायचे ठरवले. आम्ही कागद समोर ठेवला. भाडे २,०००, किराणा ४००, विमा, गाडी वगैरे १,४००. उरतात १,२०० डॉलर, म्हणजे १,०२,००० रुपये. हप्ता निघतच नव्हता. मुलगी संकोचाने बोलत नव्हती, एवढेच.

तिचा किराणा पगाराच्या आठ टक्के आहे. साठ हजारांच्या घरात अकरा हजार म्हणजे अठरा टक्के. तेव्हा ती उधळी नाही, आणि सव्वाचार लाखांची धनीणही नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. तिकडे मिळालेला आणि तिकडेच खर्चलेला पैसा डॉलरमध्येच ठेवून वजा करा. जो उरून इकडे येईल, त्यालाच त्या दिवशीच्या दराने गुणा. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मुलांना पगार विचारू नका, शिल्लक विचारा.

भाचीच्या आईने अर्ज मागे घेतला. आता लहान घर पाहत आहेत.