एक मेल, एक मागणी, एक तारीख



आज एका मेलबद्दल बोलायचं आहे. तो मेल 2025 च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ठाण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंनी आपल्या ऑडिटरना लिहायला घेतला होता. पाठवण्याआधी त्यांनी तो मला दाखवला. त्यांच्या परवानगीनं, नावगाव वगळून, त्यातला मोठा भाग वाचून दाखवतो. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, ‘ऑडिटबाबत’. आणि खाली हा मजकूर.

‘सर, नमस्कार. आपण कुशल असाल. मे महिन्यात आपले सहायक येऊन व्हाउचरची फाइल आणि बँकेची स्टेटमेंट घेऊन गेले. त्यानंतर आपल्याला पार्किंगच्या पावत्या हव्या होत्या, त्या आमच्या खजिनदारांनी जूनमध्ये आणून दिल्या. मधल्या काळात पावसामुळे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम रखडलं, पण ऑगस्टमध्ये ते पूर्ण झालं आणि ठेकेदाराचं बिलही दिलं. त्यावर टीडीएस कापायचा की नाही याबद्दल कमिटीत दोन मतं आहेत, आपलं मत कळलं तर बरं होईल. आपण फोनवर म्हणाला होतात की ऑडिटचं काम जवळपास झालं आहे. आता एजीएम जवळ आली आहे आणि काही सभासद दरवर्षीप्रमाणे रिपोर्ट उशिरा मिळाल्याची तक्रार करतील. गणपतीत आपल्यालाही गडबड असेल याची कल्पना आहे. तरी रिपोर्टचं लवकरात लवकर बघावं, ही नम्र विनंती. तसंच पुढच्या वर्षीसाठी आपलं संमतीपत्रही लागेल असं वाटतं.’

यात खोटं किंवा उद्धट काहीच नाही. बाईंनी घडलं त्या क्रमानं लिहिलं आहे. आपण बहुतेक सगळे असंच लिहितो, कारण लिहिताना सगळा इतिहास डोळ्यांपुढून जात असतो आणि मागणी त्या इतिहासाच्या शेवटी येते. वाचणाऱ्याला मात्र उलटा क्रम हवा असतो. सप्टेंबर म्हणजे सीए मंडळींचा टॅक्स ऑडिटचा हंगाम. हा माणूस मेल फोनवर उघडणार, दोन ओळी वाचणार, ‘मे महिन्यात सहायक आले होते’ एवढं कळलं की ‘रात्री निवांत बघू’ म्हणून पुढे जाणार. त्याच्याकडे अशा कितीतरी सोसायट्या असतात.

मग हा मेल कापायचा कसा? शब्द कमी करायला बसू नका. आधी पेन्सिल घेऊन समोरच्यानं हातानं काही करायचं आहे अशी प्रत्येक जागा अधोरेखित करा. या मेलमध्ये अशा तीन जागा निघाल्या. रिपोर्ट द्या. टीडीएसबद्दल मत द्या. संमतीपत्र द्या. बाकीची सगळी वाक्यं माहितीची, काळजीची किंवा सौजन्याची. बाई स्वतः चकित झाल्या, कारण त्यांच्या मते त्या एकच गोष्ट मागत होत्या.

आता या तिन्ही मागण्यांसमोर तारीख लिहायची. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. सीएला ती पंधरा दिवसांची वाटेल, सेक्रेटरीला दोन दिवसांची, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. तारीख मनानं ठरवायची नसते, ती मागे मागे मोजत काढायची असते. सोसायटीची सभा रविवार, 28 सप्टेंबरला होती. ती फार पुढे ढकलताही येत नव्हती, कारण आपल्याकडे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची असते, आणि त्यात नोटिशीचा दिवसही धरत नाहीत, सभेचाही नाही. 14 तारखेपासून 27 पर्यंत मोजले की 14 दिवस भरतात, म्हणजे नोटीस शनिवारी, 13 तारखेला निघायलाच हवी. तिच्यासोबत हिशेबपत्रकं आणि ऑडिट रिपोर्ट जायचा. त्याच्या झेरॉक्स काढून लिफाफे भरायला शुक्रवारचा दिवस. त्याआधी कमिटीनं रिपोर्ट वाचायला हवा, त्यासाठी गुरुवारची संध्याकाळ. म्हणून रिपोर्ट बुधवारी, 10 सप्टेंबरला संध्याकाळी 6 पर्यंत हातात यायला हवा.

अशी मोजून काढलेली तारीख असली की कारण एका वाक्यात सांगता येतं, आणि ते खरं असतं. काही जण समोरचा उशीर करणारच म्हणून आठ दिवस आधीची खोटी तारीख देतात. हे मला अजिबात पटत नाही. एकदा ते उघडं पडलं की पुढच्या तुमच्या कुठल्याही तारखेवर तो माणूस विश्वास ठेवत नाही. एखादा दिवस सैल हवा असेल तर तो आपल्याच कामात धरावा. बाईंनी शुक्रवार धरला तसा.

संमतीपत्र सभेच्या दिवशी लागणार होतं, नोटिशीसोबत नाही. माणूस तोच, सभा तीच, तरी तारीख वेगळी. म्हणून ते या मेलमधून काढलं आणि रिपोर्ट आल्यावर मागायचं ठरवलं. दोन तारखांच्या दोन मागण्या एका मेलमध्ये ठेवल्या की सोपी असते ती पूर्ण होते, ‘बाकीचं पाठवतो’ असं उत्तर येतं, आणि पाठवणाऱ्याला ते उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

टीडीएसकडे येतोच. आधी रिपोर्टचा मेल कसा झाला ते ऐका. विषयाची ओळ अशी: ‘2024-25 चा सही केलेला ऑडिट रिपोर्ट बुधवार, 10 सप्टेंबर, संध्याकाळी 6 पर्यंत हवा’. आणि मजकूर:

‘नमस्कार सर. आमच्या संस्थेच्या 2024-25 च्या ऑडिट रिपोर्टची सही, शिक्का आणि यूडीआयएन असलेली पीडीएफ, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकासह, कृपया बुधवार, 10 सप्टेंबरला संध्याकाळी 6 पर्यंत या मेलवर पाठवावी. 28 तारखेच्या एजीएमची नोटीस 13 ला निघणार आहे आणि तिच्यासोबत हा रिपोर्ट सभासदांना द्यायचा आहे. आमच्याकडून एखादा कागद राहिला असेल किंवा ही वेळ जमण्यासारखी नसेल, तर गुरुवार, 4 सप्टेंबरपर्यंत कळवावं. खजिनदार स्वतः आपल्या कार्यालयात येतील.’

खाली सेक्रेटरींचं नाव, संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि मोबाइल. मेल सीएच्या नावे एकट्यालाच. खजिनदार सीसीमध्ये, कारण त्यांना माहीत असायला हवं, पण करायचं काहीच नव्हतं. तीन जणांना उद्देशून केलेली मागणी तिघांपैकी कुणाचीच नसते.

बाईंनी पहिल्या प्रयत्नात हा मेल याहूनही छोटा केला होता. ‘सर, रिपोर्ट 10 तारखेपर्यंत पाठवावा.’ एवढाच. हे कापणं जास्त झालं. कुठल्या वर्षाचा, कच्चा चालेल की सहीचा, कागदावर की मेलवर, 10 तारीख धरून की सोडून, असे चार प्रश्न उरतात आणि प्रत्येकासाठी एक फोन होतो. किती कापायचं याची खूण सोपी आहे. ज्याला या कामातलं काही माहीत नाही अशा घरातल्या कुणाला तरी मेल वाचायला द्यावा आणि विचारावं, तू सीए असतास तर आता काय केलं असतंस? त्यानं वस्तू, रूप आणि वेळ तिन्ही सांगितली तर मेल पुरेसा आहे. तो ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारायला लागला तर काहीतरी जास्तीचं गेलं आहे.

त्या 4 तारखेच्या वाक्यालाही माझ्या मते फार किंमत आहे. 10 तारखेला ‘जमलं नाही’ असं कळलं असतं तर हातात काहीच उरलं नसतं. 4 तारखेला कळलं असतं तर सहा दिवस उरत होते. आणि 4 तारीख उलटून उत्तर आलं नाही, तर 5 ला फोन करायला संकोच वाटत नाही, कारण 4 ची मुदत मेलनंच सांगून ठेवलेली असते.

अनेकांना वाटतं, असा मेल ज्येष्ठ माणसाला कोरडा वाटेल. मला तसं वाटत नाही. ‘नमस्कार सर’, ‘कृपया’ आणि ‘खजिनदार स्वतः येतील’ यात पुरेसा मान आहे. त्यांच्या गणपतीच्या गडबडीची खरी काळजी असेल, तर ती त्यांचा वेळ वाचवून दाखवता येते.

आणि आता टीडीएस. मूळ मेलमध्ये हा प्रश्न मधल्या एका वाक्यात, जाता जाता आला होता. कापताना त्याच्यासमोरही तारीख लिहायची वेळ आली, तेव्हा खजिनदारांनी पासबुक काढलं. ठेकेदाराला 18 ऑगस्टला 2 लाख 40 हजार रुपये दिले होते. ठेकेदाराचं एक बिल 30 हजारांवर गेलं की सोसायटीला टीडीएस कापावा लागतो, आणि ऑगस्टमध्ये कापलेला टीडीएस 7 सप्टेंबरपर्यंत सरकारकडे भरायचा असतो. उशीर झाला की त्यावर व्याज चढतं. 7 तारीख त्या वर्षी रविवारी आली होती, आणि शनिवारी अनंत चतुर्दशी. म्हणजे ज्या प्रश्नाला मेलमध्ये जेमतेम एक वाक्य मिळालं होतं, त्याचं काम रिपोर्टच्या आधी, शुक्रवारी, 5 तारखेलाच उरकलेलं बरं होतं. आपण कशाबद्दल अस्वस्थ आहोत आणि काय निकडीचं आहे, या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. बाई सभासदांच्या तक्रारींमुळे अस्वस्थ होत्या, म्हणून रिपोर्टला सगळी जागा मिळाली होती.

तो दुसरा मेल त्याच दुपारी, पहिल्याच्या आधी गेला. विषय: ‘ठेकेदाराच्या 2,40,000 च्या बिलावर टीडीएस: उत्तर गुरुवार, 4 सप्टेंबरपर्यंत हवं’. मजकूर तीन ओळींचा. ‘वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला 18 ऑगस्टला 2,40,000 रुपये दिले, टीडीएस कापलेला नाही. ठेकेदार व्यक्ती आहे, कंपनी नाही. पॅन आणि बिल सोबत जोडलं आहे. किती रक्कम भरावी हे कृपया गुरुवारी दुपारपर्यंत कळवावं, म्हणजे शुक्रवारी चलन भरता येईल.’ ‘आपलं मत काय’ असं विचारलं असतं तर दोन परिच्छेदांचं मत आलं असतं. ‘किती रक्कम’ असं विचारल्यावर उत्तरात आकडा येतो.

सीएंचं उत्तर मंगळवारी रात्री आलं, फोनवरून लिहिलेलं. एक टक्का, 2,400 रुपये भरा, ठेकेदाराकडून पुढच्या बिलात वळते करा. आणि त्याखाली, न विचारता, रिपोर्टबद्दलची एक ओळ: मार्च महिन्याचं बँक स्टेटमेंट तुमच्याकडून आलेलंच नाही, ते उद्या पाठवा.